बोलणारं घड्याळ घ्यायचं की चाचपून बघायचं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातनं नेहमी येणारे प्रश्न

कमी दिसणाऱ्या किंवा अजिबात न दिसणाऱ्या माणसासाठी घड्याळ घ्यायचं म्हटलं की घरचे आधी किंमत बघतात, मग पट्टा बघतात, आणि खरं जे बघायचं ते राहूनच जातंय. मला स्वतःला कमी दिसतंय, दोन्ही प्रकारची घड्याळं वापरतोय, त्यामुळं ओळखीपाळखीतनं फोन येत असतात. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय.

भरवशाचं घड्याळ म्हणजे नेमकं कसलं?

डोळस माणसाचं घड्याळ बंद पडलं तर त्याला दिसतंय, सेकंद काटा थांबलाय, चला सेल घालूया. आपल्याला ते दिसत नाही. घड्याळ बंद पडून दोन तास झाले तरी हाताला काटे लागतातच, आणि बोलणारं घड्याळ चुकीची वेळसुद्धा तेवढ्याच ठाम आवाजात सांगतंय. म्हणून माझी कसोटी एकच आहे, घड्याळ चुकलं तर ते चुकलंय हे मला कळायला पाहिजे. महिन्याला पंधरा-वीस सेकंद मागंपुढं होणं हे कुठल्याही साध्या क्वार्ट्झ घड्याळाचं चालायचंच, त्यानं कुणाची बस चुकत नाही. बस चुकते ती काटा बोटानं सरकला आणि पत्ताच लागला नाही, किंवा सेल उतरल्यावर घड्याळ परत बारापासनं सुरू झालं आणि कुणाला कळलंच नाही, यामुळं. खाली जे काय सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीवर आहे.

चाचपायचं की बोलणारं, आधी कसं ठरवायचं?

डोळ्यावरनं ठरवू नका, बोटावरनं आणि कानावरनं ठरवा. आपल्याकडं उतारवयात नजर गेलेल्यांत शुगरवाले बरेच असतात, आणि शुगर जुनी झाली की पायासारखीच बोटंही बधिर होऊ शकतात. अशा माणसाला टिंबं चाचपून वेळ बघायचं ब्रेल घड्याळ आणून दिलं तर ते कपाटात पडतंय आणि घरचे म्हणतात "त्यांना शिकायचंच नाही". शिकायचं नाही असं नसतंय ओ, त्यांच्या बोटाला ते टिंब लागतच नाही.

घरीच बघता येतंय. मोहरीचे दोन दाणे जवळजवळ, मधे साधारण एका दाण्याची जागा सोडून, पुठ्ठ्यावर ठेवा आणि वरनं सेलोटेप लावा. बोटभर अंतरावर एकच दाणा तसाच चिकटवा. आता त्यांना न सांगता तर्जनी फिरवू द्या, कुठं एक आहे आणि कुठं दोन ते विचारा, पुठ्ठा उलटा फिरवून परत विचारा. ब्रेलमधे दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतंय आणि घड्याळाच्या डायलवर पण तसलंच बारीक काम असतंय, त्यामुळं इथं गोंधळ झाला तर ब्रेल घड्याळाचा नाद सोडा. दुसऱ्या हाताचं बोट पण तपासा मात्र, कधी कधी शेतात काम करून उजव्या बोटाला घट्टे पडलेले असतात आणि डावं बोट चांगलं चालतंय.

कानाचं सोपं आहे. पंखा सुरू ठेवून, टीव्ही सुरू ठेवून मोबाईलवर वेळ बोलायला लावा, एकदा ऐकून बरोबर सांगतात का बघा.

ब्रेल घड्याळाला ब्रेल लिपी यायला लागते का?

नाही. नावच ब्रेल घड्याळ, त्यावर अक्षरं नसतात. काच झाकणासारखी उघडते आणि आत डायलवर उठावदार टिंबं असतात, बहुतेक घड्याळात १२ ला तीन टिंबं, ३, ६, ९ ला दोन-दोन, बाकी ठिकाणी एकेक. काही घड्याळात मांडणी वेगळी असते, तेवढं घेताना विचारून घ्या.

बघायची पद्धत मात्र शिकायला लागते, तीच कुणी सांगत नाही. बोटाचं टोक आधी मधोमध ठेवायचं, तिथनं हलकं बाहेर यायचं. आखूड काटा तासाचा, तो आधी शोधायचा. समजा तो ५ च्या जवळ आहे पण अजून ५ ला पोचला नाही, म्हणजे चार वाजून बराच वेळ झालाय. मग लांब काटा शोधायचा, तो ९ च्या दोन टिंबांपासनं थोडा पुढं, १० च्या अलीकडं आहे. म्हणजे पाऊणच्या पुढं, पावणेपाच होऊन गेले, साधारण चार सत्तेचाळीस. दोन-तीन मिनिटांचा फरक राहणारच, त्याहून बारीक वेळ बोटाला कळत नाही आणि रोजच्या कामाला लागतही नाही. काट्याला आडवं ढकलायचं नाही, वरनं टेकवायचं, एवढं जमलं की झालं.

दिवस की रात्र हे मात्र ब्रेल घड्याळ सांगत नाही. ज्यांना उजेडही कळत नाही आणि झोपेची वेळ मागंपुढं होते (पूर्ण अंध माणसात हे पुष्कळ वेळा असतंय, शरीराला उजेडाचा इशाराच मिळत नाही ना) त्यांनी उठल्यावर पहाटेचे चार की दुपारचे चार हे कळायला बोलणारं एखादं घरात ठेवावं.

दुकानात ब्रेल घड्याळ तपासायचं कसं?

आधी मोबाईलशी मिनिटाला मिनिट जुळवून घ्या आणि चावी पूर्ण आत दाबा. मग झाकण उघडून जसं रोज बघणार तसं पाच-सहा वेळा काटे चाचपा, दुकानदार घाई करील, करू दे. परत मोबाईलशी ताडून बघा. लांब काटा एका मिनिटापेक्षा जास्त हलला असंल तर ते घड्याळ परत द्या, कारण तो काटा दांड्यावर घट्ट बसलेला नाही आणि पुढं तो सैलच होत जाणार. आखूड काटा पण बघायचा. बरोबर सहा वाजता लांब काटा १२ वर आणि आखूड थेट ६ वर यायला पाहिजे. आखूड काटा जरा जरी बाजूला असंल तर तुम्हाला कायम साडेपाच की साडेसहा असा घोळ होणार, डोळस माणसाला हे खटकत नाही पण आपण सगळा अंदाज त्याच काट्यावर बांधतोय.

मग झाकण. ते बंद करताना टक् असा आवाज यायला पाहिजे आणि मनगट झटकलं तरी उघडायला नको. बिजागरी ढिली असंल तर पिशवीच्या बंदाला अडकून झाकण उघडतंय आणि शर्टाची बाही काटे ओढत नेते.

शेवटची गोष्ट टिकटिक. कानाला लावून ऐकू येणारं घ्या. क्वार्ट्झ असंल तर सेकंदाला एक ठोका पडतोय, तो ऐकू आला की घड्याळ चालू आहे हे कुणाला न विचारता कळतंय. एकदम गप्प चालणारी भारी घड्याळं असतात, ती आपल्या कामाची नाहीत.

बाबांच्या काळातलं एचएमटीचं ब्रेल घड्याळ ऑनलाईन मिळतंय, घेऊ का?

एचएमटीनं १९६१ मधे जपानच्या सिटिझन कंपनीबरोबर बंगळूरला घड्याळं सुरू केली, आणि पुढं त्यांनी ब्रेल घड्याळ पण काढलं, चावीचं. फार चांगली वस्तू होती, रोज एका ठराविक वेळी चावी दिली की झालं, सेलची कटकट नाही, आणि भराभर टिकटिक लांबनं ऐकू येते. पण घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय २०१६ ला झाला, त्यामुळं आता जे फिरतंय ते बहुतेक जुनं किंवा जुन्या मालातनं जोडलेलं. डायल नवीन रंगवलेला असतोय आणि रंगाच्या थराखाली टिंबं बुजलेली असतात, फोटोत एकदम झक्कास दिसतंय. फोटोवरनं अजिबात घेऊ नका, हाताला लावून मिळत असंल तरच घ्या. आणि उघडणारी काच फुटली तर तसली परत मिळणं अवघड, हे धरूनच चला. घरात जुनं असंल तर मात्र टाकू नका, बेळगावात अजून चावीच्या घड्याळाचं सर्व्हिसिंग करणारे जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडनं तेलपाणी करून घ्या आणि सांगताना "काटे घट्ट बसवा, याला बोट लागणार आहे" हे मुद्दाम सांगा.

ते लोखंडी गोळ्यांचं घड्याळ कसं असतंय?

ईऑन कंपनीचं ब्रॅडली. ब्रॅडली स्नायडर म्हणून अमेरिकेच्या नौदलातला अधिकारी, २०११ ला अफगाणिस्तानात स्फोटात त्याचे डोळे गेले आणि २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमधे त्यानं पोहण्यात सुवर्ण मिळवलं, त्याच्या नावानं हे घड्याळ आहे. याला काटे नाहीत आणि काचही नाही. वरच्या खोबणीत एक गोळी फिरते ती मिनिटं सांगते, कडेच्या खोबणीत दुसरी, ती तास. आतनं चुंबक त्यांना फिरवतात. यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे बोटानं गोळी सरकली तरी वेळ बिघडत नाही, मनगट हलकं हलवलं की चुंबक तिला परत जागेवर ओढून घेतंय. म्हणजे ब्रेल घड्याळातला मुख्य दोषच यात नाही. आकडे पण ठळक असतात, १२ ला त्रिकोण आणि बाकी रेघा, त्यामुळं ज्यांची बोटं अगदी बारीक टिंबाला कमी पडतात त्यांना हे जमू शकतंय.

अडचणी दोन. किंमत हजारोंच्या घरात जाते, आणि बिघडलं तर आपल्या गल्लीतला कारागीर हात लावणार नाही. खोबणीत मळ बसला तर गोळी अडकते, कोरड्या मऊ ब्रशनं साफ करत राहायला लागतंय.

बोलणाऱ्या घड्याळात काटे एक वेळ दाखवतात आणि आवाज दुसरीच सांगतोय, बिघडलंय का?

बिघडलेलं नसतंय, स्वस्तातली काट्यांची बोलकी घड्याळं तशीच बनवलेली असतात. एका डब्यात दोन वेगळी घड्याळं, काटे चालवणारं एक आणि बोलणारं एक, पुष्कळदा सेल पण दोघांचे वेगळे. चावी फिरवून काटे लावले तरी आवाजाला त्याचा पत्ता नाही, आवाज बटणं दाबून वेगळा लावायला लागतोय. मग घरातला मुलगा काटे बघून म्हणतो "बरोबर आहे की आजोबा" आणि आजोबांना ऐकू येतंय वेगळंच, दोघंही खरं बोलत असतात.

घेताना हे तपासा, चावी ओढून काटे तासभर पुढं फिरवा आणि बटण दाबून ऐका. आवाजात फरक पडला नाही तर दोन वेगळी यंत्रं आहेत. फक्त ऐकूनच वापरणार असाल तर काट्यांचं घेऊच नका, नुसतं आकड्यांचं बोलणारं घ्या, एकच यंत्र, एकच वेळ.

भाचा अमेरिकेतनं "ॲटॉमिक" बोलणारं घड्याळ पाठवतोय, आपोआप वेळ लावून घेतंय म्हणे. चांगलं ना?

तिथं चांगलं. इथं नको. आमच्या खानापूरकडच्या मामांचंच सांगतो. ही घड्याळं रात्री रेडिओ सिग्नल पकडून वेळ दुरुस्त करतात, अमेरिकेत तो कोलोरॅडोतनं येतोय, युरोपात जर्मनीतनं आणि ब्रिटनमधनं. यातला एकही सिग्नल आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे इथं ते साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखंच चालणार, वरनं रोज रात्री सिग्नल शोधत सेल खाणार.

त्याहून मोठी भानगड अर्ध्या तासाची. मामांच्या घड्याळात वेळ हातानं लावायची सोयच नव्हती, अमेरिकेतल्या वेळेच्या चार विभागांपैकी एक निवडायचा एवढंच. आपली वेळ अर्ध्या तासाच्या हिशोबात बसते, तिकडची पूर्ण तासाच्या. उन्हाळ्यात आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. भाच्यानं तो विभाग लावून पाठवलं आणि फोनवर सांगितलं, मामा तेवढा अर्धा तास वाढवून घ्या. त्यामुळं घड्याळ कायम अर्धा तास मागं, आणि रात्रीला सकाळ म्हणतंय, सकाळला रात्र. जेवणाआधीचं इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला असला हिशोब डोक्यात करायला लावणं बरोबर नाही.

मग नीट बसून बघितलं. मोहरीच्या दाण्यांत त्यांना एक आणि दोन यातला फरक कुठल्याच बोटाला कळत नव्हता, म्हणजे ब्रेल घड्याळ बाद. डावा कान मंद, उजवा चांगला. म्हणून साधं, काटे नसलेलं, हातानं वेळ लावायचं बोलणारं घड्याळ घेतलं, उंच एकच मोठं बटण असलेलं, आणि ते डाव्या हातात बांधलं म्हणजे उजव्या हातानं दाबायचं आणि मनगट उजव्या कानाशी न्यायचं. दर रविवारी मामी मोबाईलशी ताडून बघतात. मामांना एक खूण शिकवलीय, सकाळचा चहा घेताना घड्याळ बारा-साडेबारा सांगायला लागलं तर समजायचं सेल हलला किंवा उतरला आणि घड्याळ परत पहिल्यापासनं सुरू झालंय. बाहेरनंच मागवायचं असंल तर विकणाऱ्याला एवढंच विचारा, वेळ मिनिटापर्यंत हातानं लावता येते का आणि सिग्नलचा शोध बंद करता येतोय का.

सेल उतरत आलाय हे कसं ओळखायचं?

बोलायला ताकद जास्त लागते, त्यामुळं आवाज आधी जातोय. घोगरा होतोय, मधेच तुटतोय, "इट इज फोर" एवढं म्हणून गप्प. काटे तेव्हा मस्त चालू असतात म्हणून दुकानदार म्हणतोय सेल चांगला आहे, त्याचं ऐकू नका. बऱ्याच घड्याळात आवाजाला तीन व्होल्टचा चपटा सेल असतोय, सीआर२०३२ किंवा सीआर२०२५, हे दोन दिसायला सारखे पण जाडीला वेगळे, पातळ सेल जाडाच्या जागी बसवला की हात आपटल्यावर क्षणभर सुटतोय आणि वेळ पुसली जाते. सेल बदलून झाल्यावर दुकानातनं उठायच्या आधी बटण दाबून वेळ, सकाळ-संध्याकाळ आणि तारीख तिन्ही ऐका.

भाषा कुठली घ्यावी?

बाजारात इंग्रजी आणि हिंदी सहज मिळतंय. कुठलीही घेतली तरी दुकानात वेळ मुद्दाम १:१३ आणि मग १:३० करून ऐका, तेरा आणि तीस वेगळं कळलं नाही तर तो आवाज तुमच्या कानाचा नाही. मध्यवर्ती बसस्टँडवर गाड्यांच्या आवाजात कळायला पाहिजे, दुकानातल्या शांततेत काय सगळंच कळतंय. दर तासाला बोलायची सोय बंद करता येते का तेही बघा, नाहीतर कीर्तनात ते मधेच सुरू होतंय.

पावसाचं काय?

उघडणारी काच आणि आवाजाची भोकं, दोन्हीकडनं पाणी जातंय. खानापूर, जांबोटीच्या पावसात घड्याळ खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. निपाणीकडं तंबाखूत काम करणाऱ्यांनी झाकण कामाच्या जागी उघडूच नये, ती बारीक भुकटी काट्यांच्या मुळाशी बसते आणि घामाबरोबर चिकटते. त्यांना मी बोलणारंच सांगतो.

परीक्षेला कुठलं चालतंय?

बोलणारं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, आवाज होतोय आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणून अडवतात. ब्रेल घड्याळ न्या, पण केंद्रप्रमुखांना आदल्या दिवशी दाखवून ठेवा.

थोडं दिसतंय, मग या सगळ्याची गरज आहे का?

कदाचित नाही. काळ्या डायलवर पांढरे जाड काटे असलेलं मोठं घड्याळ पुरतंय का आधी बघा. दुकानातल्या लाईटखाली बघून ठरवू नका, बाहेर रस्त्यावर उन्हात या आणि मग संध्याकाळी घरातल्या ट्यूबखाली बघा, फुगीर काचेवर उन्हाची तिरीप पडली की काटेच नाहीसे होतात. नजर हळूहळू कमी होणारा आजार असंल तर चाचपायचं घड्याळ थोडं दिसतंय तोवरच शिकून घ्यावं, डोळा आणि बोट दोन्ही बरोबर असताना हात लवकर बसतोय.

स्मार्टवॉच?

ॲपल वॉचमधे वेळ बोलते आणि मनगटावर थरथरून पण कळते, म्हणजे कान आणि बोटं दोन्ही कमी असलेल्यालाही उपयोग. पण रोज चार्ज करायला लागतंय, आणि चार्जिंग संपलं की ते नुसतं काचेचं तुकडं. रोज रात्री मोबाईल न विसरता चार्जिंगला लावणारा माणूस असंल तरच घ्या.

आणायचं कुठनं?

ऑनलाईन घेतलं तर परत करायची मुदत किती दिवस आहे ते आधी वाचून घ्या आणि वरच्या सगळ्या चाचण्या त्या मुदतीतच उरकून टाका, पट्ट्याचं प्लास्टिक काढायच्या आधी. मुंबईला जाणं होत असंल तर वरळीला नॅब म्हणून अंधांसाठी काम करणारी संस्था आहे, तिकडं आधी फोन करून काय शिल्लक आहे विचारा, तिथं निदान हाताला लावून बघता येतंय. आणि जवळच्या अंधशाळेतल्या शिक्षकांना विचारा, त्यांच्यात रोज वापरणारे असतात आणि कुठला कारागीर काटे घट्ट बसवून देतोय हे त्यांनाच माहीत असतंय.